खळखळायला हवा लागते

गेल्या फेब्रुवारीत एका शालेय निबंधस्पर्धेचे कागद तपासायला आम्ही तिघं बसलो होतो. विषय होता 'आमच्या गावचा ओढा'. गठ्ठ्यातल्या बहुतेक निबंधांत ओढा दुसऱ्या-तिसऱ्या ओळीलाच 'खळखळ' वाहायला लागायचा. काहींत तो 'झुळझुळ' वाहायचा, आणि दोघा-तिघा उदार मुलांनी त्याला एकाच वाक्यात दोन्ही करायला लावलं होतं. निबंध आले होते घाटमाथ्याच्या पूर्वेकडच्या गावांतून. तिथले निम्मेअधिक ओढे संक्रांतीनंतर कोरडे पडतात, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

माझे एक सहपरीक्षक निवृत्त मराठीचे शिक्षक. ते खूश होते. "पोरांकडे अजून शब्द आहेत," असं म्हणत त्यांनी मोबाइलवर आलेली 'पाण्याच्या हालचालीचे शंभर मराठी शब्द' ही यादी आम्हाला वाचून दाखवली. दुसऱ्या बाई वर्तमानपत्रात वीस वर्षं उपसंपादक होत्या. त्यांचं मत उलटं. "हा सगळा नाद कापा. 'पाणी वाहत होतं' म्हणा आणि पुढे चला." चहा आला, गार झाला, तरी वाद चालूच. असाच वाद हल्ली भाषेवरच्या प्रत्येक चर्चेत ऐकू येतो. एका बाजूला शब्द मरताहेत म्हणून हळहळणारे, दुसऱ्या बाजूला शब्दांचा पसारा नको म्हणणारे.

मला वाटतं, दोघंही एकच चूक करतात. दोघंही या शब्दांना दागिना समजतात. एकाला भाषा दागिन्यांनी मढलेली हवी, दुसरीला ती लंकेची पार्वती चालते. पण 'खळखळ' हा दागिना नाही, ते विधान आहे. 'आज बाजार बंद होता' हे वाक्य जसं खरं किंवा खोटं असतं, तसंच 'ओढा खळखळत होता' हेही. कोरड्या ओढ्याबद्दल ते खोटं आहे, आणि भरून वाहणाऱ्या ओढ्याबद्दलही बहुधा खोटंच. मग ते तपासायचं कशावर?

आधी ती शंभराची यादी बाजूला करू. शब्द मोजण्याच्या नादानं असे वाद कसे फसतात, याचं नामांकित उदाहरण बर्फाचं आहे. फ्रान्झ बोआस या मानवशास्त्रज्ञानं १९११ साली एस्किमो भाषेतल्या बर्फासाठीच्या चार वेगळ्या शब्दमुळांचा दाखला दिला. एका भाषेत जे एका धातूवरून साधतं ते दुसरीत वेगवेगळ्या मुळांतून येतं, एवढाच त्याचा मुद्दा होता. पुढे १९४० मध्ये बेंजामिन व्होर्फ या भाषाशास्त्रज्ञानं तो धागा ओढला, मग वर्तमानपत्रांनी, आणि चाराचे पन्नास, शंभर, कुठे कुठे त्याहूनही जास्त झाले. १९८६ साली लॉरा मार्टिन या मानवशास्त्रज्ञ बाईंनी हा आकडा कसा फुगत गेला ते दाखवलं. या सगळ्या काळात ते चार शब्द बर्फाबद्दल नेमकं काय सांगतात, यात फारच थोड्यांना रस होता. इंग्लंडमध्ये मुलांसाठीच्या एका ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या २००७ च्या आवृत्तीतून 'एकॉर्न', 'किंगफिशर' असे शब्द गेले आणि 'ब्रॉडबँड'सारखे आले, तेव्हाही असंच झालं. २०१५ साली अठ्ठावीस लेखकांनी जाहीर पत्र लिहून निषेध केला. त्यांची कळकळ मला समजते. पण शब्द कोशात राहिल्यानं मुलाला खंड्या पक्षी ओळखता येतो का? यादीत नाव असलेला माणूस गावात राहतोच असं नाही, मतदारयाद्या पाहिलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं.

आता विरोधी बाजूचं जे सर्वांत बळकट आहे ते मान्य करतो. पहिलं म्हणजे, असले नादानुकारी शब्द भाषेगणिक बदलतात. हिंदीत झरा 'कलकल' करतो. मराठीत कलकलाट करतात ते कावळे आणि मधल्या सुट्टीतली पोरं. (गठ्ठ्यात दोन ओढे 'कलकल' वाहत होते, ते दूरदर्शनवरून आले असावेत.) नाद जर पाण्याचाच असता तर सगळ्या भाषांना सारखाच ऐकू आला असता, हा आक्षेप सहज उडवून लावण्याजोगा नाही. दुसरं, चांगलं लिहिणाऱ्याला या शब्दांची गरज पडतेच असं नाही. बालकवींच्या 'औदुंबर'मधला झरा निळासावळा आहे, पण तो करतो काय? नुसता 'वाहतो'. त्या कवितेत साधं क्रियापद पुरलं, आणि ती मराठीतली सर्वांत गाजलेल्या कवितांपैकी एक आहे. तिसरं, पाणी किती आहे हे सांगायचं असेल तर लिटर आहेत, सेकंद आहेत. ओढ्यात नव्वद अंशांच्या खाचेची पाटी बसवली की खाचेतल्या पाण्याची उंची मोजून प्रवाह काढता येतो. दहा सेंटिमीटर उंची म्हणजे सेकंदाला साधारण साडेचार लिटर, वीस सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ पंचवीस. असल्या मोजमापापुढे 'झुळझुळ' काय सांगणार?

बरंच काही सांगतो, पण वेगळं. त्यासाठी ओढ्यावरच जावं लागेल. साताऱ्याच्या पश्चिमेला आमच्या आजोळच्या गावामागे एक कडा आहे. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये तिथे हातभर जाडीची तांबडी पट्टी दिसते. लाव्हाचा एक थर येऊन थंडावला, बराच काळ उघडा राहिला, त्याच्या माथ्याची माती झाली, मग त्यावर दुसरा थर आला. त्या मधल्या काळाची ही भाजलेली माती. पावसाचं पाणी वरच्या दगडाच्या भेगांतून खाली उतरतं, या चिकट तांबड्या पट्टीशी अडतं, आडवं सरकतं आणि कड्याच्या तोंडाशी बाहेर येतं. आमचा ओढा इथे जन्मतो. आणि इथे, पहिल्या दहा पावलांतच, मराठीला सहा क्रियापदं लागतात.

दगडाच्या आत पाणी झिरपतं. हे दिसत नाही, फक्त कळतं. तांबड्या पट्टीशी ते पाझरतं, म्हणजे पृष्ठभाग ओला होतो, चकाकतो, पण धार नसते. जिथे दगड पुढे आलेला आहे तिथे ते थेंब धरतं आणि ठिबकतं. जिथे कडा सरळ आहे तिथे दगडाला चिकटून खाली घसरतं, ते ओघळणं. भर पावसात शेताच्या बांधाखालून जमीन फोडून वर येतं, त्याला आमच्याकडे उपळं फुटली म्हणतात. आणि सहावं, ज्याच्यावर माझा सगळा युक्तिवाद उभा आहे, ते निथळणं.

निथळतं ते, ज्याच्याकडे आधीचं पाणी उरलेलं असतं. न्हालेले केस निथळतात, धुतलेली भाजी निथळत ठेवतात. निथळणं कधीतरी संपतंच. पाझरण्याला मात्र मागून पुरवठा असतो. पाऊस थांबल्यावर तासाभरात कड्यापाशी उभं राहिलं तर सगळा कडा ओला दिसतो आणि नवखा माणूस म्हणतो, केवढे झरे आहेत इथे! ते झरे नव्हेत, कडा निथळतोय. आठ-दहा दिवस कोरडी उघडीप गेल्यावर पुन्हा या. जी जागा अजून ओली आहे, शेवाळ हिरवं आहे, तीच पाझरते. गावासाठी झऱ्याचं पाणी शोधणारे नेमकी हीच खूण धरतात. दोन क्रियापदांतला हा फरक शैलीचा आहे की भूजलाचा? तरी 'पाणी येत होतं' असं लिहून चालेल का?

आमच्या आजीनं त्या पाझराखाली केळीचं सोपट लावलं होतं. त्यानं पाणी एका ठिकाणी यायचं आणि कळशी भरायची. मी मागच्या मे महिन्यात तिथेच एक लिटरची बाटली धरली. भरायला वीस सेकंद लागली. मिनिटाला तीन लिटर, म्हणजे दिवसरात्र धरून चार हजार तीनशे वीस लिटर. ग्रामीण नळयोजनेत माणशी रोज पंचावन्न लिटर धरतात. त्या हिशेबानं हा 'नुसता पाझर' अठ्ठ्याहत्तर माणसांचं पाणी आहे, अर्थात रात्रीचंही साठवलं तर. तिथे कुणी 'झुळझुळ वाहणारा झरा' लिहिलं असतं तर वाचणाऱ्यानं पाणी भरपूर समजून सोडून दिलं असतं, आणि 'पाणी नाही' लिहिलं असतं तर टँकर मागवला असता. दोन्ही खोटं. पाझर हाच खरा शब्द, आणि त्यात साठवण्याची सूचना आधीच आहे: थोडं, पण न थांबणारं.

आता नादाकडे. नादाचे शब्द पोकळ असतात, असं म्हणणाऱ्यांना मी एक प्रयोग सुचवतो. तोंड पाण्यानं गच्च भरा, गाल फुगेपर्यंत, आणि खळखळून चूळ भरायचा प्रयत्न करा. जमत नाही. थोडं पाणी बाहेर टाकलं, आत हवेला जागा झाली, की लगेच खळखळ सुरू होते. शब्द पाण्याचा वाटतो, पण खळखळायला हवा लागते. ओढ्याचंही तसंच आहे. १९३३ साली मार्सेल मिनार्ट या खगोलशास्त्रज्ञानं वाहत्या पाण्याच्या आवाजाचा हिशेब मांडला. त्याचं म्हणणं, तो आवाज मुख्यतः पाण्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो. बुडबुडा तयार होताना दाबला-फुगला जातो आणि घंटेसारखा कंप पावतो. जितका लहान तितका सूर वरचा. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे सव्वातीन हजार वेळा कंप पावतो, एक सेंटिमीटरचा सुमारे सव्वातीनशे वेळा. पाण्यात हवा शिरली नाही तर, वेग कितीही असो, ते जवळपास गप्पच असतं. सिमेंटच्या गुळगुळीत पाटातून भरधाव जाणारं पाणी पाहिलंय? पाय घसरला तर माणूस वाहून जाईल, आणि आवाज जेमतेम.

म्हणजे नादाचा प्रत्येक शब्द हा पाण्यात हवा कशी शिरतेय याचा अहवाल आहे. बारीक वाळू-गोट्यांवरून बोटभर पाणी सरकतं, पृष्ठभाग किंचित मुडपतो, बारीक बुडबुडे होतात: झुळझुळ. झुळझुळीत हे आपण तलम कापडालाही म्हणतो, ते उगीच नाही. मोठ्या धोंड्यांमधून पाणी उडी घेतं, खालच्या पाण्यात शिरतं, हवेचे मोठे गठ्ठे आत ओढतं: खळखळ. कड्यावरून तुटून पडतं तेव्हा सूर आणखी खाली जातो आणि शब्दात 'ध' आणि 'ब' येतात. झुळझुळ ते धबधब हा उतरता सूर बुडबुड्यांच्या वाढत्या आकाराशी जुळतो, असं माझ्या कानाला वाटतं. कुणी ध्वनिमुद्रण करून मला खोटं पाडलं तर मी मान्य करीन. हिंदीला तेच पाणी कलकल का ऐकू येतं, याचं उत्तरही इथे आहे. प्रत्येक भाषा आपल्या वर्णांच्या खुंट्यांवर नाद टांगते, त्यामुळे खुंट्या वेगळ्या दिसणारच. मराठीनं झुळझुळ आणि खळखळ या दोन वेगळ्या खुंट्या ठोकल्या, त्या दोन निराळ्या गोष्टींसाठी. प्रश्न आहे तो आपण त्या दोन्हींवर एकच टोपी टांगतो, हा.

आणि हे शास्त्र आपल्याकडे म्हणीत पडून आहेच. 'उथळ पाण्याला खळखळाट फार.' आपण ती बढाईखोर माणसाच्या तोंडावर फेकतो आणि विसरतो, की ती आधी पाण्याबद्दल खरी असल्याशिवाय माणसाबद्दल वापरता आली नसती. दगड गुडघाभर उंच आणि पाणी घोटाभर, तेव्हा प्रत्येक दगडाशी पृष्ठभाग फुटतो आणि हवा आत जाते. तेच दगड कमरेइतक्या पाण्याखाली गेले की पृष्ठभाग त्यांच्यावरून नुसता उंचसखल होत जातो. आमच्या ओढ्याची साकवापाशी जी जागा आहे, ती डिसेंबरात खळखळते आणि जुलैत खळखळत नाही. जुलैत तिथे घोंघावणं असतं, आणि अंगणात उभं राहिलं तर त्याच्या खालून एक बोथट ठकठक ऐकू येते. ते तळाचे धोंडे एकमेकांवर आपटत पुढे सरकत असतात. मामा तेव्हा 'ओढ्याला पाणी आलं' म्हणत नाहीत. 'ओढा आला' म्हणतात, आणि गुरं साकवापलीकडे सोडत नाहीत. भर पावसाळ्यातल्या ओढ्याला खळखळ म्हणणारा निबंध म्हणूनच मला खोटा वाटतो. तो ओढा हिवाळ्यातला आहे, किंवा कुठलाच नाही.

'तरंग' या शब्दाचे हाल तर याहून वाईट. ओढ्याकाठच्या प्रत्येक लेखात पाण्यावर तरंग उठतात. कुठे उठतात, कसे? साकवाच्या खाली आमच्याकडे एक डोह आहे. त्यात खडा टाकला की वर्तुळं उठून काठापर्यंत जातात, हे तरंग. डोहाच्या तोंडाशी, पाणी जिथे पुन्हा वेग घेतं, तिथे एक काडी उभी धरा. काडीच्या वरच्या अंगाला, पाणी जिकडून येतं त्या बाजूला, बारीक सुरकुत्यांची चंद्रकोर उमटते आणि ती हलत नाही. पाणी तिच्यातून वाहत जातं, सुरकुत्या जागच्या जागी. डोहाच्या मध्यावर तीच काडी धरली तर काहीच उमटत नाही. कारण असं, की पाण्यावरची कुठलीही लहर सेकंदाला तेवीस सेंटिमीटरपेक्षा हळू जाऊ शकत नाही. पाणी त्याहून जोरात येत असेल तरच एखादी लहर त्याच्या विरुद्ध तेवढ्याच वेगानं चालून जागच्या जागी उभी राहते. तेवीस सेंटिमीटर म्हणजे जवळपास एक वीत. काडीपुढे सुरकुत्या पडल्या, की पाणी सेकंदाला वितीपेक्षा जास्त धावतंय. नाही पडल्या, तर कमी. 'संथ' या शब्दाची इतकी स्वस्त कसोटी मला दुसरी ठाऊक नाही. चालत्या तरंगांना तरंग म्हणा, पण या उभ्या सुरकुत्यांना सुरकुत्याच म्हणा, मग वाचणाऱ्यालाही वेग कळेल.

खाचेच्या पाटीचा आक्षेप राहिला. ती किती पाणी गेलं ते सांगते आणि शब्द ते सांगू शकत नाहीत, हे मी पूर्ण मान्य करतो. आवाजावरून पाणी जोखणारा फसतोच. खळखळाट फार या म्हणीचा अर्थच तो. पण पाटी ज्या साडेचार लिटरांचा आकडा देते, तेच साडेचार लिटर रुंद वाळूवर पसरले तर गुपचूप सरकतात आणि धोंड्यांच्या फटीतून गेले तर गाव उठवतात. पहिल्या ठिकाणी पाणी जमिनीत मुरतंय, दुसऱ्या ठिकाणी त्यात हवा मिसळतेय, आणि दोन्ही ठिकाणचे मासे, खेकडे, शेवाळ वेगळे. आकडा खरा असूनही यातलं काहीच सांगत नाही. शेतात दारं धरणारा माणूस रात्री कंदील न घेता बांधावरून जातो आणि पाणी कुठे फुटलंय ते कानानं ओळखतो. त्याला लिटर विचारले तर तो हसेल. आणि बालकवी? 'वाहतो' हे त्या झऱ्यासाठी अचूकच आहे. तो दूरवरून, शांत दिसतोय, ऐकू येत नाहीये. नादाचा शब्द तिथे घातला असता तर पाहणारा चार पावलं जवळ आला असता आणि चित्र मोडलं असतं. साधं क्रियापद हीसुद्धा निवड असते, आळस नव्हे. उपसंपादक बाईंनी सगळीकडे 'वाहत होतं' करायला सांगितलं तेव्हा त्यांनी बालकवींचा निकाल घेतला, त्यामागची नजर घेतली नाही.

मास्तरांच्या यादीतही तोच दोष. त्यात 'चिळकांडी' आहे, 'झोत' आहे, 'लोंढा' आहे, आणि कुठला शब्द कुठे खोटा ठरेल हे कुठेच नाही. मुलं ती पाठ करतील आणि फेब्रुवारीतल्या ओढ्यात लोंढा सोडतील.

त्या गठ्ठ्यात सातवीतल्या एका मुलीचा निबंध होता. तिनं लिहिलं होतं, की आमच्या ओढ्यात आता पाणी दिसत नाही, पण वडाखालच्या खडकाला हात लावला तर हात ओला होतो, आणि खाली म्हशीच्या खुराएवढ्या खड्ड्यात सकाळी पाणी असतं, दुपारी नसतं. निबंध पाऊण पानाचा होता आणि त्यात नादाचा एकही शब्द नव्हता. मी पहिला क्रमांक सुचवला. बाईंना लांबी अपुरी वाटली. मास्तरांनी चष्मा वर केला, कागद पुन्हा वाचला आणि म्हणाले, "हे ठीक आहे हो, पण यात ओढा कुठंय?" शेवटी तिला उत्तेजनार्थ दिलं.